मुक्ताचा मुदतवाढीचा मेल, दुरुस्त करून

प्रिय मुक्ता,

तुझा मसुदा दोनदा वाचला. आधी तू लिहिलेलं जसंच्या तसं ठेवते, मग माझं म्हणणं, आणि शेवटी दुरुस्त केलेला मेल. तो वाचून तुला पटला तरच पाठव.

तुझा मसुदा:

विषय: डेडलाईन

नमस्कार सर,
मी मुक्ता. कसे आहात? मला लघुप्रबंधाला अजून वेळ पाहिजे. मागच्या आठवड्यात मी खूप आजारी होती आणी त्यामुळे काम पूर्ण झाल नाही. दिनांक 20 तारखेपर्यंत जमा करणे मला कोणत्याही परिस्थितीत शक्य होणार नाही. बाकीच्या मुलांना पण वेळ कमी पडतोय, तुम्ही सगळ्यांनाच वाढवून दिलंत तर बरं होईल. तारखांचं पण थोडं काम बाकी आहे. तरी कृपया करून आपण मला मुदतवाढ द्यावे आणि माझी मदत करावी ही नम्र विनंति. लवकर कळवा म्हणजे मला तसं प्लॅन करता येईल.
तसदीबद्दल क्षमस्व आहे.
आपला विश्वासू,
मुक्ता

व्याकरणाचं पटकन सांगते. ‘मी आजारी होती’ नाही, ‘होते’. ‘आणी’ नाही, ‘आणि’. ‘विनंति’ नाही, ‘विनंती’. ‘झाल’वर अनुस्वार हवा. मुदतवाढ स्त्रीलिंगी, म्हणून ती ‘द्यावी’. ‘कृपया’ म्हणजेच कृपा करून, त्यापुढे ‘करून’ नको. ‘क्षमस्व’ म्हणजे ‘क्षमा करा’, त्याला ‘आहे’ लावता येत नाही. दिनांक आणि तारीख एकच. ‘माझी मदत करा’ हे हिंदीतून आलंय, मराठीत ‘मला मदत करा’. आणि शेवटी ‘आपली’, ‘आपला’ नव्हे.

सुराबद्दल थोडं जास्त बोलायचंय. एकाच मेलमध्ये सरांना कधी ‘तुम्ही’, कधी ‘आपण’ झालंय. समोर बोलताना तू ‘तुम्ही’च म्हणतेस ना? मग इथेही तेच ठेव. मधेच ‘आपण’ आणि ‘नम्र विनंती’ आलं की ते तहसील कचेरीतल्या अर्जासारखं वाटतं. ‘पाहिजे’, ‘लवकर कळवा’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ ही तिन्ही काढली. पहिल्या दोनांत हुकूम ऐकू येतो, तिसऱ्यात दार लावून घेतल्यासारखं वाटतं. बाकीच्या मुलांचं वाक्यही काढलं. त्यांना हवी असेल तर ती स्वतः मागतील.

पण सगळ्यात महत्त्वाचं हे, की तू खरं कारण लपवलंयस. काल फोनवर मला तू सनांचा सगळा घोळ सांगितलास, अर्धा तास, आवाज रडवेला होता. आणि मेलमध्ये काय, ‘तारखांचं पण थोडं काम बाकी आहे’! तापाचे चार दिवस खरेच, पण तेवढ्यासाठी कुणी आठवडा मागत नाही. चूक तूच शोधलीस, सरांनी नाही. मोडी वाचायला शिकून दीड वर्ष झालेल्या मुलीने स्वतःच्या तक्त्यातली चूक पकडणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही गं. म्हणून मी मेलचा गाभाच बदललाय. आकडे तुझेच आहेत, एकदा पडताळून घे.

दुरुस्त केलेला मेल:

विषय: लघुप्रबंधासाठी 27 मार्चपर्यंत मुदतवाढीची विनंती (मुक्ता, एम.ए. भाग 2, इतिहास)

आदरणीय सर,

नमस्कार. ‘पुणे प्रांतातील जकात वसुली, इ.स. 1765 ते 1775’ हा माझा लघुप्रबंध शुक्रवारी, 20 मार्चला सादर करायचा आहे. त्यासाठी मला शुक्रवार, 27 मार्चपर्यंत मुदत वाढवून मिळावी, अशी विनंती करण्यासाठी लिहीत आहे.

पुणे पुराभिलेखागारातल्या ज्या 38 मोडी पत्रांवर माझं काम आधारलेलं आहे, त्यांच्या कालनिश्चितीत माझ्याकडून चूक झाली आहे. सुहूर सनाचं इसवी सनात रूपांतर करताना मी सरसकट 600 मिळवले. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रांना 599 मिळवायला हवे होते, आणि 600 फक्त जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रांना. परिणामी 23 पत्रं एक वर्ष पुढे गेली आहेत.

ही चूक मला गेल्या रविवारी, तिसरं प्रकरण तपासताना लक्षात आली. एका पत्रावर ‘छ 12 रज्जब, सलास सबैन मया व अलफ’ असा काळ आहे, म्हणजे सुहूर 1173. मी ते ऑक्टोबर 1773 मध्ये, नारायणरावांच्या खुनानंतरचं म्हणून नोंदवलं होतं. मजकुरात मात्र माधवरावांचा उल्लेख हयात असल्यासारखा येतो, आणि ते तर 18 नोव्हेंबर 1772 ला वारले. महिना पुन्हा जुळवून पाहिल्यावर पत्र ऑक्टोबर 1772 चं निघालं. राघोबादादांच्या काळातलं समजून त्यावरून मी जो निष्कर्ष काढला होता, तो आता तसाच ठेवता येणार नाही.

23 पैकी 9 पत्रांचे काळ मी चांद्रमासाशी ताडून दुरुस्त केले आहेत, 14 उरली आहेत. त्यानंतर तिसऱ्या प्रकरणातला तक्ता आणि त्यावरचं विवेचन पुन्हा लिहावं लागेल. याच महिन्यात चार दिवस तापाने अंथरुणात होते, तोही वेळ गेला. पण मुख्य अडचण कालनिश्चितीची आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे.

पहिली दोन प्रकरणं पूर्ण झाली आहेत, ती सोबत जोडली आहेत. ठरलेल्या दिवशीच काही सादर करणं आवश्यक असेल, तर तीही चालतील का, हे कृपया कळवावं. मुदत वाढवणं नियमात बसत नसेल, तर 20 तारखेला आहे त्या स्थितीत लघुप्रबंध देईन आणि शंकास्पद काळ असलेल्या पत्रांपुढे तशी स्पष्ट खूण करेन.

उरलेल्यांपैकी तीन पत्रांत महिन्याचं नाव पुसट आहे आणि मला खात्रीने वाचता येत नाही. तुम्हाला सोयीचं असेल तर त्यांच्या छायाप्रती घेऊन बुधवारी दुपारी विभागात येऊ का? दहा मिनिटं पुरतील.

ऐनवेळी हे सांगावं लागत आहे, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

आपली विद्यार्थिनी,
मुक्ता
एम.ए. भाग 2, हजेरी क्रमांक 31

इथे मेल संपला. वर सगळीकडे ‘तुम्ही’ आणि सहीपाशी मात्र ‘आपली’, हे मी मुद्दाम ठेवलंय. पत्राच्या शेवटी ते रूढ आहे आणि कानाला खटकत नाही.

बुधवारी भेटायची विनंती मी तुला न विचारता घातली आहे. काल तू म्हणालीस की त्या तीन पत्रांत ‘रज्जब’ की ‘रबिलावल’ तेच कळत नाही, ‘र’ तेवढा दिसतो आणि पुढे शाई पसरलेली. एकटीने डोळे फोडत बसण्यापेक्षा सरांना दाखव. जायचं नसेल तर तो परिच्छेद काढून टाक, बाकी मेल तसाच उभा राहतो.

जोडायच्या फाइली पाठवण्याआधी उघडून बघ, गेल्या वेळी तू जुनी प्रत जोडली होतीस. आणि रात्री बारा वाजता पाठवू नकोस, सकाळी नवाच्या सुमारास पाठव. आईला सांग, रविवारी येतेय, तेव्हा तक्ता आपण दोघी मिळून वाचू: तू मूळ पत्रातला काळ वाच, मी तक्त्यात बोट ठेवते.

तुझी,
निशाताई