नाशिकला तडा गेलेला तंबोरा

गेल्या वर्षी ८ ऑक्टोबरला सकाळी साडेदहाला आमच्या कुरिअरच्या मिरज ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो आले. आदल्या दिवशी नाशिकला पोचवलेला तंबोरा. भोपळ्याला देठाच्या बाजूने वीतभर उभा तडा. खाली एकच ओळ : "विशारदची परीक्षा महिन्यावर आली आहे, मी काय करू?"

आमच्याकडून उत्तर गेलं ते असं : "नुकसानभरपाईसाठी पावतीमागील अटी पाहाव्यात." ठरलेला मजकूर, काऊंटरवरच्या मुलाने सवयीने पाठवलेला. फोटो पाठवणाऱ्या ताईंचं उत्तर आलं : "अटी वाचल्या. आता या तंबोऱ्यावर षड्ज कसा लावू, तेवढं सांगा."

दुपारी हे माझ्यापर्यंत आलं. वाचून मला लाज वाटली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला भोपळा इथे येतो, वाळतो, आणि कारागीर महिनोन्‌महिने हात फिरवतो तेव्हा त्याचं वाद्य होतं. आमचं ऑफिस त्याच गावात आहे. तंबोरा कसा न्यायचा हे आम्हालाच कळू नये?

मी ताईंना फोन केला आणि आधी माफी मागितली. मग पार्सल कुठे कुठे थांबलं ते काढलं. पुण्याच्या गोडाऊनच्या कॅमेऱ्यात दिसलं की रात्री खोकं आडवं ठेवलं गेलं आणि त्यावर मोटारीच्या सुट्या भागांची पेटी चढली. पुण्याच्या पोरांवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण खोक्यावर 'नाजूक' हे स्टिकरच नव्हतं. कारागिरांनी बुकिंग करताना "उभाच ठेवा" असं दोनदा सांगितलं होतं आणि आमच्या पावतीवर लिहिलं होतं 'लाकडी सामान'. चूक मिरजेच्या काऊंटरवर झाली, म्हणजे माझ्या नजरेसमोर.

पावतीमागच्या अटीप्रमाणे विमा नसलेल्या पार्सलला आम्ही जास्तीत जास्त ५०० रुपये देणं लागत होतो. तंबोरा होता ३२,००० रुपयांचा. विम्याबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मग ती अट त्यांच्या तोंडावर मारायची कशी?

त्याच संध्याकाळी कारागिरांकडे गेलो. फोटो बघून ते म्हणाले, "भोपळा बदलायला नको, सांधता येईल. पण वाद्य माझ्या हातात आलं पाहिजे." त्यांनी दुकानातला स्वतःचा तंबोरा ताईंना रियाजासाठी द्यायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी तो घेऊन नाशिकला गेली आणि येताना तडा गेलेला घेऊन आली. दोन्ही वेळा तंबोरा मधल्या सीटवर, गादी लावून, पट्ट्याने बांधलेला. ड्रायव्हरला सांगितलं होतं, गतिरोधकावर घाई नको.

दुरुस्तीला सोळा दिवस लागले. तडा आतून सांधला, वरून पॉलिश केलं, तारा नव्या चढवल्या, जवारी पुन्हा काढली. दुरुस्तीचे ६,८०० रुपये आणि दोन्ही खेपांचा खर्च आम्ही सोसला, मूळचं कुरिअरचं भाडंही परत केलं. २६ ऑक्टोबरला ताईंनी नाशिकला आमच्यासमोर खोकं उघडलं, तंबोरा मांडीवर घेतला आणि चारही तारा छेडून बघितल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोलतोय."

हे सगळं लिहायला त्यांची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : नाव नको, आणि तुमची चूक गाळायची नाही. दोन्ही पाळल्या आहेत.

तेव्हापासून आमच्याकडे वाद्याचं बुकिंग वेगळं होतं. पावतीवर वाद्याचं नाव लिहितो, चारही बाजूंना स्टिकर आणि वरच्या दिशेचा बाण लावतो, बंद करण्याआधी खोक्याचा आतून फोटो काढून पाठवणाऱ्यालाही देतो. भोपळ्याच्या भोवती चार बोटं गादी नसेल तर पार्सल घेत नाही, पॅकिंग आम्ही करून देतो. विम्याचं विचारल्याशिवाय पावती फाडायची नाही, हे काऊंटरवर लिहून लावलंय. आणि 'अटी पाहाव्यात' हा मजकूर फोनमधून कायमचा काढून टाकला. तक्रार आली की त्याच दिवशी माणूस फोन करतो. नुकसानीची असेल तर मी स्वतः.

एक विनंती तुम्हालाही. खोकं दबलेलं दिसलं तर डिलिव्हरीवाल्याला थांबवा, त्याच्यासमोर उघडा आणि उघडताना व्हिडिओ काढा. आमच्या मुलांना थांबायला सांगितलेलं आहे, ते कुरकुरणार नाहीत. आमच्या उत्तराने समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आता आमच्या प्रत्येक पावतीवर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात छापलेला आहे.

गेल्या आठवड्यात त्याच ताईंच्या गुरुजींचा तंबोरा जवारीसाठी नाशिकहून मिरजेला आला. आमच्याकडूनच, उभा.