उत्तर: अण्णांबद्दल

ति. अरुकाका आणि सुधाकाकू यांस,
सा. न.

तुमची मेल बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच आली होती. तेव्हा घर माणसांनी भरलेलं, फोन सारखा वाजतोय, म्हणून वरवर वाचली आणि ठेवून दिली. मंगळवारी महिना झाला. पाहुणे कधीच पांगले, दादाही कामावर रुजू झाला. आता निवांत उत्तर लिहितेय. उशीर झाला, रागावू नका.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते, बाबांना फार त्रास झाला नाही. ८ जूनला सकाळी चहा घेतला, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आईने आंघोळीला हाक मारली तर ओ आली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आई अजून म्हणते, पाणी तापवून ठेवलं होतं ते तसंच राहिलं.

दहाव्याला गणपती घाटावर कावळा काही केल्या शिवेना. दादाने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, मीही काय काय कबूल केलं. पाऊण तास झाला, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "निखिलला मोटारसायकल घेऊन देणार नाही म्हणावं." दादाने हात जोडून ते म्हटलं आणि काका, खरं सांगते, कावळा आला. बाबांचा जन्म वाई आगारात गाड्या दुरुस्त करण्यात गेला, पण दुचाकीवर विश्वास म्हणून नव्हता! निखिल अजून धुसफुसतोय.

आता मनिऑर्डरचं. तुमच्या मेलसोबतचा फोटो मी तेव्हा उघडलाच नव्हता. परवा रात्री उघडला आणि आईला मोठा करून दाखवला. ती अरुंद चिठोरी, निळी शाई, कडेला घडीची रेघ. 'चि. अरविंदास आशीर्वाद. रु. २५ पाठवले आहेत. मेसचे आधी भर. थंडीत पहाटे अभ्यासाला बसतोस तर कानाला बांधत जा.' कऱ्हाडच्या कॉलेजातल्या मुलाला कान बांधायला सांगणारे आमचे बाबाच! आईने अक्षर लगेच ओळखलं. 'थ'चं पोट ते असंच फुगवून काढायचे.

मग तिने तारीख विचारली. नोव्हेंबर १९७७ म्हटल्यावर गप्प झाली आणि एकदम हसायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा. म्हणाली, "म्हणजे सोसायटीचं कर्ज ते हे!" लग्नानंतर किती तरी महिने बाबा पगारातून पंचवीस रुपये कमी आणून द्यायचे आणि विचारलं की सांगायचे, सोसायटीचं कर्ज फेडतोय. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणंही झाली होती म्हणे. अठ्ठेचाळीस वर्षांनी ते कर्ज कुणाच्या नावावर होतं ते कळलं. तुमच्यावर राग नाही बरं का. उलट त्या रात्री ती पोटभर जेवली. त्यासाठी तुमचे आभार कसे मानायचे तेच कळत नाही.

येता आलं नाही याची रुखरुख आता सोडा. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेले असताना मिसिसागाहून विमानात बसला असतात तर बाबांनीच वरून झापलं असतं. तिकडे राहूनही तुम्ही दोघं सुतक पाळताय, देवाला दिवा लावत नाही, हे मी वाचून दाखवलं तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला.

दिवसकार्याच्या खर्चाचं तुम्ही लिहिलंयत. काका, खरंच नको. सगळं नीट पार पडलं आणि काही देणं उरलेलं नाही. बाबांनी कधी हिशेब ठेवला नाही, तो आता आम्ही कुठे मांडायचा? गावच्या शाळेला त्यांच्या नावाने पुस्तकं द्यायची म्हणता, ती मात्र जरूर द्या. फक्त कपाटावर नावाची पाटी नको. त्यांना पाट्यांचं हसूच यायचं.

मूळ चिठोरी इकडे पाठवू नका. तुम्ही इतकी वर्षं जपलीत, तुमच्याकडेच राहू दे. पण अशा आणखी असतील तर फोटो काढून पाठवाल का? आईला त्यांवरच्या तारखा बघायच्या आहेत. कोणकोणत्या महिन्यात आपण उगाच भांडलो ते मोजायचंय म्हणते.

आणि जमेल तेव्हा तिला फोन करा. तुमच्या सकाळी आठला इथे साडेपाच वाजतात. त्या वेळी ती ओट्यावर एकटीच असते. मेलमध्ये लिहिलंत ते आंबे चोरल्याचं तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला. मी सांगितलं, पण तिला पटत नाही. काकूंना नमस्कार. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका.

तुमची,
मंजू

वाई, १२ जुलै २०२५