काजू-बोंडूच्या पेयाचं अनावरण, वेंगुर्ले: व्हॉइसओव्हर

(आवाज बाईचा, पन्नाशीतला, बागेत हाक मारणारा. जाहिरातीचा सूर नको. घाई फक्त शेवटच्या तासात.)

[मांडवातले दिवे बंद. पडदा काळा. सुक्या पानांवर काहीतरी पडतं: थप्प. जरा वेळाने पुन्हा: थप्प.]

ऐकलंत?

वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाला हा आवाज ओळखायला दिवा लागत नाही.

[थप्प.]

चैत्र लागला की बागेत दिवसभर हेच. बोंडू पडतो. कुणीतरी वाकतं, उचलतं, पिळा देऊन बी काढतं. बी पिशवीत. आणि बोंडू?

(थांबा. मांडवातून कुणीतरी उत्तर देईलच. देऊ द्या.)

बोंडू तिथंच. मुंग्यांना आणि माशांना.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड या किनाऱ्यावर आणलं. तेव्हापासून आपण बी जपली. भाजली, फोडली, सोलली, विकली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या. पलीकडे गोव्याने बोंडूची फेणी केली, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. (हलकं हसून) त्यांचं बरं चाललंय. आपण मात्र संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असलेलं फळ दरवर्षी पायाखाली घालतो.

का? एक तर घसा. बोंडूत टॅनिन असतं, दोन घास खाल्ले की घसा धरतो. मीठ लावून खाल्लं तरी धरतो, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

आणि दुसरं...

[पडद्यावर घड्याळ: २४:००. टिकटिक.]

...हे. झाडावरून सुटलेला बोंडू एक दिवस टिकतो. फार तर.

[२४:००]
सकाळचे सहा. बागेत बायका, हातात टोपल्या. आज बी पिशवीत जाते आणि बोंडूही जपून क्रेटमध्ये जातो. फुटका बाजूला.

[१८:००]
दुपार. टेम्पो घाट चढत नाही, मुंबईला जात नाही. गावातल्याच शेडमध्ये थांबतो. धुणं, पिळणं. रस निघतो, पण गढूळ आणि तुरट.

[१२:००. टिकटिक जरा मोठी.]
आता घशाचा प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्या परदेशी यंत्रात नव्हतं, उपवासाच्या डब्यात होतं. साबुदाणा! शिजवून त्याची खळ केली आणि रसात घातली. खळ टॅनिनला धरते, दोघं मिळून तळाशी बसतात. वर राहतो नितळ रस. त्याला ढवळायचं नाही. हलवायचं नाही. रात्रभर शेडमध्ये कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. (बोलतात. पण ऐकायला छान वाटतं.)

[०३:००. मृदंग हळू सुरू.]
वरचा रस काढला. गाळला.

[०२:००]
तापवला. बाटल्या उकळून तयार.

[०१:००. मृदंग द्रुत, झांज. मग एकदम सगळं बंद. फक्त टिकटिक.]

मंडळी, वेळ थोडा उरलाय. गाऱ्हाणं घालूया. तुमचा आवाज बंदरापर्यंत गेला पाहिजे.

बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा हय जमली आसत...

[मांडव: व्हय म्हाराजा!]

जा काय आमच्या बागेत पिकता, ता आमच्याच घराक उपयोगी पडू दे रे म्हाराजा!

[व्हय म्हाराजा!]

जा काय आजपर्यंत मातीत गेला, ता आता फुकट जाव नये रे म्हाराजा!

[व्हय म्हाराजा!]

[००:०५. ००:०४. ००:०३. आवाज शांत. ००:०२. ००:०१. बाटलीवर झाकण बसल्याचा एकच आवाज: टक्! घड्याळ थांबतं. पूर्ण काळोख. तीन श्वास थांबा, घाबरू नका.]

बी गेली बाजारात...

[मंचावर मधोमध एकच दिवा. केळीच्या पानावर पिवळसर बाटली.]

...बोंडू आला बाटलीत!

[मृदंग, झांज, पेटी, सगळं एकदम. पडद्यावर नाव: बोंडू. टाळ्या ओसरू द्या.]

नाव शोधायला आम्ही डोकं खाजवलं नाही. बोंडूच. दोनशे मिली, तीस रुपये. बाटली परत आणून दिलीत तर दोन रुपये परत. पिकवणारे आपल्याच संस्थेचे सभासद, आणि आजपासून क्रेटमागे बोंडूचेही पैसे.

आता पेले फिरतील. पहिला पेला ज्यांनी बोंडू वेचला त्या बायकांना. त्यांनी हात वर करावेत, लाजायचं काम नाही. मग मुलांना, मग पाहुण्यांना. मंचावरच्या पुढारी मंडळींनी जरा दम धरावा.

भाषणं त्यानंतर.