बीम बी-७ : डिझाइन नोट (डेप्थ ४५० मिमी, डबली रीइन्फोर्स्ड)

काम : नाशिकमधील भारवाही भिंतींचा बंगला, हॉलच्या सरकत्या दरवाजावरचा बीम.
साहित्य : एम२५, एफई ५००. आयएस ४५६ : २००० प्रमाणे.

मजल्याची उंची ३००० मिमी. दरवाजा २४००, वर ट्रॅकला ७५ आणि वरच्या फरशीला ७५, म्हणून बीमला उरले ४५०. आर्किटेक्टना ५५० मागून पाहिले, नकार आला. सिंगली करायचा तर d ४७६ मिमी लागतो, म्हणजे एकूण डेप्थ ५५०च्या आसपास.

टी-बीम का धरला नाही, हे कोणीतरी विचारेलच. एका बाजूला जिन्याची मोकळी जागा आहे. दुसऱ्या बाजूला बाथरूमचा सनक स्लॅब ३०० मिमी खाली, म्हणजे न्यूट्रल ॲक्सिसच्याही खाली, ताणाच्या भागात. दाबासाठी त्याचा उपयोग शून्य.

गाळा ५.५ मी., दोन्ही टोके ३५० मिमी भिंतीवर बेडब्लॉकवर टेकलेली. स्ववजनासह भार ४० किलोन्यूटन/मी. b = ३००, d = ३९०, d' = ५० धरले.

```
Mu     = 1.5 × 40 × 5.5² / 8      = 226.9 kNm
Mu,lim = 0.1336 × 25 × 300 × 390² = 152.4 kNm
Mu2    = 226.9 - 152.4            = 74.5 kNm
xu,max = 0.46 × 390               = 179.4 mm
esc    = 0.0035 (1 - 50/179.4)    = 0.00252
fsc    = 402 N/mm²
Asc = 74.5e6 / ((402 - 11.2) × 340) = 561 mm²
Ast = 1113 + 504                    = 1617 mm²
```

fsc सरळ ४३५ धरू नये. डेप्थ कमी असली की d'/d वाढते, वरच्या सळईतला स्ट्रेन घटतो आणि ती पूर्ण ताकदीपर्यंत पोचत नाही.

वर ३-१६ (६०३). खाली ४-२० आणि त्यावर दुसऱ्या थरात २-१६ (१६५९). थरांमध्ये २० मिमीचे स्पेसर, कव्हर ३०. असे बांधल्यावर d ३९३ मिळतो. वरच्या तीन सळया हँगर नव्हेत, त्या दाब घेणार आहेत. फिटरने सवयीने तिथे १२ची टाकली तर बीम नापास.

आधाराच्या तोंडापासून d अंतरावर शिअर १३१ किलोन्यूटन. हिशेबाने ८ मिमीच्या दोन पायी रिंगा २६० मिमीवर चालतात, पण दाबाची १६ची सळई बाहेर फुगू नये म्हणून १६ × १६ = २५६ ही मर्यादाही आहे. पूर्ण लांबीत २०० मिमीवर द्याव्यात, हूक १३५ अंशांत. वरची मधली सळईही रिंगेला तारेने बांधावी.

वाक : गाळा/d १४.१. मूळ मर्यादा २० ला ताणाच्या सळईचा ०.८१ आणि दाबाच्या सळईचा १.१४ असे गुणक लावून १८.५ येते, म्हणजे पास. तरी खाली सरकता दरवाजा आहे. ट्रॅक आणि बीम यांत १० मिमी मोकळी फट ठेवून ती सीलंटने भरावी, ट्रॅक वरचे बांधकाम झाल्यावरच बसवावा. टेकू २१ दिवस काढू नयेत.