कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत अर्ज

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. कोषागार अधिकारी (निवृत्तिवेतन शाखा),
जिल्हा कोषागार कार्यालय, नागपूर

अर्जदार : श्रीमती शशिकला पुंडलिक बावणे, वय ६४ वर्षे, रा. मानेवाडा रोड, नागपूर

विषय : कै. पुंडलिक महादेव बावणे, सेवानिवृत्त अव्वल कारकून (महसूल) यांच्या निधनामुळे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणे व थकीत रक्कम मिळणेबाबत.

संदर्भ : पीपीओ क्र. २०१४/७४३१८

महोदय,

माझे पती कै. पुंडलिक महादेव बावणे हे ३० जून २०१४ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. तेव्हापासून आपल्या कोषागारामार्फत त्यांना निवृत्तिवेतन मिळत होते. दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पीपीओवर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नी म्हणून माझे नाव आहे. तरी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार दि. १० फेब्रुवारीपासून मला कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर व्हावे, ही विनंती.

फेब्रुवारी महिन्याचे पूर्ण निवृत्तिवेतन पतीच्या व माझ्या संयुक्त खात्यात जमा झाले आहे. ९ तारखेपर्यंतची रक्कम त्यांची. पुढच्या १९ दिवसांची जास्तीची आहे, हे मला माहीत आहे. त्या रकमेला मी हात लावलेला नाही. ती एकरकमी परत घ्यावी किंवा माझ्या पहिल्या देयकातून वळती करावी, आपल्याला सोयीचे असेल तसे. फक्त हिशेब लेखी मिळावा.

पतीच्या निवृत्तिवेतनातून अंशराशीकरणाची वजावट चालू होती. ती कुटुंब निवृत्तिवेतनाला लागू होत नाही, तरी देयक तयार करताना ती चुकून पुढे ओढली जाऊ नये म्हणून आधीच लक्षात आणून देत आहे.

आता माझ्या नावाबाबत. पीपीओवर माझे नाव "शशिकलाबाई" असे आहे, तर आधार, पॅन व बँकेच्या पासबुकावर "शशिकला". दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. शिवाय आधार कार्डावर जन्मतारीख नसून नुसते "१९६१" हे वर्ष छापलेले आहे. पीपीओत व शाळा सोडल्याच्या दाखल्यावर २२ ऑगस्ट १९६० अशी तारीख आहे, तीच खरी. वयाच्या ८० वर्षांनंतर मिळणारी वाढ याच तारखेवरून ठरणार असल्याने नोंद आत्ताच बरोबर व्हावी. आधारमधील दुरुस्तीसाठी मी स्वतंत्र अर्ज दिला आहे. तेवढ्यासाठी हे प्रकरण थांबवू नये.

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. मृत्यूचा मूळ दाखला, नागपूर महानगरपालिकेच्या हनुमाननगर झोन कार्यालयाने दिलेला, व दोन छायाप्रती. मूळ प्रत पाहून परत मिळावी, बँकेतही लागणार आहे.
२. पीपीओची निवृत्तिवेतनधारकाकडील मूळ प्रत. घडीवर फाटल्यामुळे मागून कागद चिकटवला आहे. सर्व नोंदी वाचता येतात.
३. थकीत निवृत्तिवेतनासाठी पतीने भरून दिलेल्या नामनिर्देशनाची प्रत. त्यात प्रथम नामनिर्देशित मी व माझ्या पश्चात मुलगा अमोल असे आहे. पती स्वतः आस्थापना शाखेत बसत असल्याने आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच त्यांनी जपून ठेवली होती, ती सोबत लावली आहे. आपल्याकडील प्रत सापडत नसल्यास ही ग्राह्य धरावी.
४. माझे आधार कार्ड, पॅन कार्ड व शाळा सोडल्याचा दाखला.
५. नावातील फरकाबाबत प्रतिज्ञापत्र.
६. पतीसोबतचा संयुक्त फोटो, माझे स्वतंत्र तीन फोटो, नमुना सह्या व ओळखचिन्हांचा तक्ता.
७. पुनर्विवाह केला नसल्याचे व इतर कोणतेही कुटुंब निवृत्तिवेतन घेत नसल्याचे घोषणापत्र.
८. माझ्या एकटीच्या नावाने उघडलेल्या बचत खात्याच्या पासबुकाचे पहिले पान व रद्द केलेला धनादेश.
९. जास्त प्रदान झाल्यास परत करण्याचे हमीपत्र.

मुलगा व मुलगी दोघेही सज्ञान व विवाहित आहेत. नामनिर्देशित व्यक्ती म्हणून थकीत रक्कम मला देण्यास त्यांची हरकत नाही; तसे दोघांच्या सहीचे पत्र नामनिर्देशनाच्या मागेच टाचले आहे.

ओळख पटवण्यासाठी मी स्वतः हजर राहीन. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जिना चढणे जमत नाही, त्यामुळे त्या दिवशी पडताळणी तळमजल्यावर व्हावी. काही त्रुटी निघाल्यास सर्व एकाच पत्रात कळवाव्यात. मुलाचा मोबाईल क्रमांक अर्जाच्या पाठीमागे लिहिला आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच मिळावी.

आपली विश्वासू,

(सही)
श्रीमती शशिकला पुंडलिक बावणे
नागपूर