घटना अहवाल : डिलिव्हरी कर्मचाऱ्यास भटक्या कुत्र्याचा चावा

प्रति, हब मॅनेजर, सोलापूर
दि. १८ फेब्रुवारी २०२५

आज दुपारी बाराच्या सुमारास जुळे सोलापूर येथील एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आपल्या डिलिव्हरी कर्मचाऱ्यास (वय २६) भटक्या कुत्रीने उजव्या पोटरीला चावा घेतला. मीटर बॉक्सच्या मागे तिची पिल्ले होती. गाडी लावून पार्सल काढत असताना ती मागून आली. जीन्स असूनही दोन दात आत रुतले व रक्त आले. कुत्रीला कोणी डिवचले नव्हते, असे वॉचमनने सांगितले.

कर्मचाऱ्याने मला लगेच फोन केला. तोवर त्याने पार्किंगच्या नळावर जखम दोनेक मिनिटे धुऊन घेतली होती. ते पुरेसे नसल्याने वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुण्यास सांगितले. वॉचमनकडे कपड्यांचा साबण होता, तोच वापरला. जमलेल्यांपैकी कोणी हळद, तर कोणी तिखट भरायला सांगत होते. वॉचमनने ते करू दिले नाही, त्यांचे आभार मानायला हवेत. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावले. पट्टी बांधली नाही.

दुसऱ्या रायडरने त्याला सिव्हिल हॉस्पिटलला नेले. रक्त आल्यामुळे डॉक्टरांनी चावा तिसऱ्या श्रेणीचा ठरवला. जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, दंडात रेबीज लसीचा पहिला डोस व धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. टाके घातले नाहीत. पुढील डोस २१ व २५ फेब्रुवारी आणि १८ मार्च रोजी आहेत. लसीचे कार्ड त्याच्याकडे असून फोटो माझ्याकडे आहे.

कळवले ते असे : त्याच्या पत्नीला मी स्वतः फोन केला, ठेकेदार एजन्सीला अपघाताची माहिती लेखी दिली, महानगरपालिकेकडे भटक्या कुत्र्याची तक्रार नोंदवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना पिल्लांची जागा दाखवली. कुत्रीला मारू अगर हाकलू नये, असे सेक्रेटरींना स्पष्ट सांगितले आहे. ती दहा दिवस, म्हणजे २८ फेब्रुवारीपर्यंत, नजरेसमोर राहायला हवी. आजारी पडली किंवा मेली तर डॉक्टरांना लगेच सांगावे लागेल. वॉचमन रोज संध्याकाळी मला फोन करणार आहेत. कुत्री ठणठणीत राहिली तरी डोस चुकवायचे नाहीत, हे कर्मचाऱ्यास बजावले आहे.

उरलेली पार्सले दुसऱ्या रूटकडे दिली. या अपार्टमेंटची पार्सले पिल्ले मोठी होईपर्यंत गेटवर द्यावीत, असे ग्राहकांना मेसेजने कळवले. कर्मचाऱ्यास उद्या व डोसच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी, ही विनंती. डोसच्या तारखा ड्यूटी चार्टवर टाकल्या आहेत. हबमधील प्रथमोपचार पेटीत साबण नव्हता, तो आजच ठेवला. प्रत्येक रायडरच्या बॅगेत साबणाची वडी व आयोडीनची बाटली असावी, यासाठी खर्चाची मंजुरी हवी आहे.

आपला,
शिफ्ट सुपरवायझर