मोफत बीपी व शुगर तपासणी शिबिर

सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, रविवार दि. १६ नोव्हेंबर रोजी सकाळी ७ ते ११ या वेळेत मारुती मंदिराच्या सभामंडपात रक्तदाब आणि रक्तातील साखरेची तपासणी होणार आहे. एक रुपयाही द्यायचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आपल्या आशाताई हजर राहतील.

तीस वर्षांवरील प्रत्येकाने यावे. आई-वडिलांना शुगर असेल, पोटाचा घेर वाढला असेल, तंबाखू-मिश्रीची सवय असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, त्यांनी तर नक्कीच. “मला काही होत नाही” म्हणणाऱ्यांनी आधी यावे. बीपी बहुतेकदा काहीच त्रास न देता वाढतो. ऊसतोडीला बाहेरगावी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

उपाशीपोटी यायचे आहे. रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नाही. बीपीची रोजची गोळी पाण्यासोबत खाऊनच या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र तपासणी होऊन नाश्ता करताना घ्यावे. उपाशी राहून चक्कर किंवा घाम येत असेल तर उपास करू नका, तसेच या आणि सांगा.

बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेतला जाईल. बीपी १४०/९० किंवा उपाशीपोटी शुगर १२६ च्या वर आली, तरी लगेच घाबरू नका. पुन्हा तपासणीसाठी चिठ्ठी मिळेल. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आधार कार्ड सोबत आणा.

छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल तर रविवारची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

– ग्रामपंचायत कार्यालय